भागबदल: करमाफी नव्हे, करस्थगिती

खामगावचा साबण कारखाना ज्या कंपनीचा आहे, त्या हिंदुस्थान युनिलिव्हरने डिसेंबर २०२५ मध्ये आपला आइस्क्रीमचा धंदा वेगळा काढून 'क्वालिटी वॉल्स (इंडिया)' या नव्या कंपनीच्या स्वाधीन केला. मूळ कंपनीच्या प्रत्येक भागामागे भागधारकाला नव्या कंपनीचा एक भाग मिळाला, आणि या वाटपावर त्याला त्या वेळी भांडवली नफ्याचा कर द्यावा लागला नाही. पगारातून महिन्याच्या महिन्याला प्राप्तिकर कापून घेतला जात असताना भागधारकांच्या पदरात कोऱ्या भागांची भर पडते आणि सरकार एक पैसा मागत नाही, हे पाहून कार्यकर्त्यांच्या मनात रोष उत्पन्न होणे स्वाभाविक आहे. परंतु रोषाला योग्य लक्ष्य सापडले नाही तर तो वाया जातो. या सवलतीमागचे तत्त्व चुकीचे नाही. चूक अन्यत्र आहे, आणि ती नेमकी कोठे आहे हे समजण्यासाठी हा व्यवहार मुळापासून पाहिला पाहिजे.

त्यासाठी याच कंपनीच्या इतिहासातील एक जुने प्रकरण उपयोगी पडेल. १९९३-९४ मध्ये टाटा ऑइल मिल्स, म्हणजे 'टॉम्को', ही कंपनी तेव्हाच्या हिंदुस्थान लिव्हरमध्ये विलीन झाली. टॉम्कोच्या १५ भागांच्या बदल्यात लिव्हरचे २ भाग असे प्रमाण ठरले. आता खामगावातील एखाद्या निवृत्त शिक्षकाजवळ टॉम्कोचे १५० भाग होते व ते त्याने एकूण ३,००० रुपयांना घेतले होते, असे केवळ उदाहरणादाखल धरू. त्याला लिव्हरचे २० भाग मिळाले. लिव्हरच्या भागाची किंमत सोयीसाठी ४०० रुपये मानली, तर त्याच्याजवळचा नवा कागद ८,००० रुपयांचा झाला. कागदोपत्री ५,००० रुपयांचा नफा दिसतो. पण त्याच्या हातात रोख काय आले? काहीच नाही. त्याने भाग विकले नाहीत आणि विलीनीकरणाची मागणीही केली नव्हती. बहुमताने ठराव झाला, उच्च न्यायालयाने योजनेस मान्यता दिली आणि एक कागद जाऊन दुसरा आला. या क्षणी कर मागितला, तर तो भरण्यासाठी नवे भाग विकण्यावाचून त्याला गत्यंतर नाही. बड्या भागधारकाला कर्ज काढून कर भरता येतो व भाग राखता येतात. छोट्याला मात्र विकावेच लागते, आणि त्याने विकलेला भाग शेवटी बड्याच्याच घरी जातो.

म्हणून प्राप्तिकर कायद्याने असा नियम केला की, विलीनीकरणात केवळ भागांच्या बदल्यात भाग मिळाले आणि ज्या कंपनीत विलीनीकरण झाले ती भारतीय असेल, तर तो भागबदल करापुरता 'हस्तांतरण' मानू नये. हा नियम आवश्यकही होता. विलीनीकरणात जुन्या भागांवरील हक्क नाहीसा होतो आणि असे नाहीसे होणे हेही हस्तांतरणच ठरते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये ग्रेस कोलिस प्रकरणात दिला. स्पष्ट सूट नसती, तर आपल्या शिक्षकावर कर बसला असता. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा २०२५ च्या नव्या प्राप्तिकर कायद्याने घेतली आहे. कलमांचे क्रमांक बदलले, तरी हे तत्त्व कायम आहे.

या नियमाचा दुसरा अर्धा भाग टीकाकार सहसा वाचत नाहीत. नव्या भागांची खरेदी किंमत म्हणून ८,००० रुपये नव्हे, तर जुन्या भागांची ३,००० रुपये हीच किंमत धरली जाते. म्हणजे नव्या प्रत्येक भागाची किंमत १५० रुपये. भाग किती काळ जवळ आहेत हे मोजतानाही टॉम्कोच्या भागांचा काळ जमेस धरतात. पुढे शिक्षकाने ते २० भाग १०,००० रुपयांना विकले, तर नफा २,००० नव्हे, ७,००० रुपये निघतो. सोडून दिलेले ५,००० रुपये त्यात परत येतात. सरकारने हक्क सोडलेला नसतो, फक्त वसुली पुढे ढकललेली असते. याला करमाफी म्हणणे म्हणजे पीक हाती येईपर्यंत थांबलेल्या सावकाराने कर्ज माफ केले असे म्हणण्यासारखे आहे.

विभाजनाचे गणितही याच जातीचे आहे. तेथे जुनी खरेदी किंमत दोन कंपन्यांच्या भागांवर वाटली जाते. वाटणीचा आधार बाजारभाव नसून वह्यांतील किंमत हा असतो: वेगळ्या काढलेल्या धंद्याच्या निव्वळ मालमत्तेचे मूळ कंपनीच्या निव्वळ मूल्याशी जे प्रमाण असेल, ते. समजा, १०० भागांना मिळून २,००,००० रुपये पडले होते आणि हे प्रमाण शंभराला पाच निघाले, तर नव्या भागांची किंमत १०,००० व जुन्यांची १,९०,००० रुपये. बेरीज पूर्वीइतकीच राहते. किंमत कोठेही फुगत नाही, म्हणून नफा कोठेही लपत नाही.

मात्र ही सवलत सरसकट नाही. विभाजनात तो धंदा चालू स्थितीत, त्याच्या सर्व मालमत्तेसह व सर्व देण्यांसह, वहीतील किमतीने गेला पाहिजे. भाग सर्व भागधारकांना त्यांच्या धारणेच्या प्रमाणात मिळाले पाहिजेत. मूल्याने तीन-चतुर्थांश भाग धारण करणारे भागधारक नव्या घरात आले पाहिजेत. भागांबरोबर रोखेही दिले गेले, तेव्हा ही सूट लागू होत नाही, असे गुजरात उच्च न्यायालयाने गौतम साराभाई ट्रस्टच्या प्रकरणात ठरवले. विलीनीकरण नसताना एका कंपनीने दुसरीचे भाग विकत घेऊन मोबदल्यात स्वतःचे भाग दिले, तर भारतात त्यावर कर लागतो. या अटींचा अर्थ एकच: मालकी तीच राहून केवळ तिचे वेष्टन बदलले असेल, तरच कर थांबतो. मालमत्तेचे रोखीत रूपांतर झाले की कर आला.

मग दोष कोठे आहे? पहिला दोष थांबण्यात नसून थांबण्याच्या शेवटी आहे. स्थगिती प्रामाणिक ठरायची, तर विक्रीच्या दिवशी कर वसूल झाला पाहिजे. परंतु १ ऑक्टोबर २००४ पासून ३१ मार्च २०१८ पर्यंत शेअर बाजारात व्यवहारकर भरून विकलेल्या भागांवरील दीर्घकालीन नफा संपूर्ण करमुक्त होता. १९९४ मध्ये 'नंतर घेऊ' म्हणून सोडलेला टॉम्कोचा नफा त्या साडेतेरा वर्षांत विकणाऱ्याकडून कधीच घेतला गेला नाही. २०१८ मध्ये कर परत आला, तेव्हाही ३१ जानेवारी २०१८ पर्यंतची भाववाढ वगळण्यात आली. आज हा कर वर्षाला सव्वा लाखावरील नफ्यावर साडेबारा टक्के आहे, आणि मोठ्या पगाराच्या वरच्या टप्प्यावर तीस टक्के. स्थगितीची माफी झाली ती येथे, भागबदलात नव्हे. अमेरिकेत हाच प्रकार मृत्यूच्या वेळी घडतो. वारसाला बाजारभावाची नवी खरेदी किंमत मिळते आणि जुना नफा कायमचा पुसला जातो. भारतात वारस मूळ मालकाचीच किंमत चालवतो, ही आपल्या कायद्यातील जमेची बाजू जपली पाहिजे. १९८५ मध्ये मृत्युकर रद्द झाल्यापासून तिचे महत्त्व वाढलेच आहे.

दुसरा दोष भागांच्या प्रमाणात आणि त्याच्या आडून होणाऱ्या देवघेवीत असतो. टॉम्को प्रकरणात हिंदुस्थान लिव्हरची कामगार संघटना सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली होती. तिच्या आक्षेपांत नोकऱ्यांची भीती होती, २:१५ या प्रमाणाबद्दलची शंका होती, आणि आणखी एक गोष्ट होती. विलीनीकरणामुळे ब्रिटिश-डच युनिलिव्हरचा हिस्सा ५१ टक्क्यांखाली जाऊ नये म्हणून तिला सुमारे ३० लाख नवे भाग १०५ रुपये दराने देण्याची तरतूद योजनेत होती, आणि बाजारभाव तेव्हा त्याहून कितीतरी अधिक होता. ऑक्टोबर १९९४ मध्ये न्यायालयाने संघटनेचे म्हणणे फेटाळले. भागधारकांच्या प्रचंड बहुमताने मान्य केलेले प्रमाण न्यायालय स्वतः गणित करून बदलणार नाही, हा त्यामागचा विचार होता. कायद्याने प्रश्न मिटला, अर्थशास्त्राने नाही. स्वस्त दराने नवे भाग निघतात तेव्हा उरलेल्या भागधारकांच्या मालकीतून मूल्य काढून ते एका भागधारकाला दिले जाते. भागबदलावर कर लावून ही गळती थांबली नसती. उलट आपल्या शिक्षकाचे दुहेरी नुकसान झाले असते.

तिसरी जागा संचित तोट्याची आहे. आजारी कंपनी विलीन करून तिच्या तोट्याने आपला करपात्र नफा कमी करता येतो, आणि येथे सवलत भागधारकाला नसून कंपनीला असते. म्हणूनच कायद्याने औद्योगिक उपक्रमांबाबत अट घातली: घेणाऱ्या कंपनीने तो धंदा निदान ५ वर्षे चालवावा आणि स्थावर-जंगम स्थिर मालमत्तेचा वहीमूल्याने तीन-चतुर्थांश भाग तितकाच काळ राखावा. अट मोडली, तर वजा घेतलेला तोटा उत्पन्नात परत मिळवला जातो. कारखाना बंद करून जमीन विकण्यासाठीच घेतला गेला असेल, तर कामगारांच्या हाती असलेले हे एक उपयोगी कलम आहे. परंतु धंदा खरोखर चालू आहे काय, हे प्राप्तिकर अधिकाऱ्याला कागदावरून कळते, आणि यंत्रे कधी हलली हे संघटनेला डोळ्यांनी दिसते.

तेव्हा विलीनीकरणाची वा विभाजनाची योजना जाहीर झाली की कार्यकर्त्यांनी 'भागांवर कर का नाही?' या प्रश्नावर शक्ती खर्च करू नये. योजना मिळवून तीत चार गोष्टी पाहाव्यात. भागांचे प्रमाण कोणी व कोणत्या आधारे ठरवले? त्याच योजनेत कोणाला वेगळ्या दराने भाग दिले जात आहेत काय? धंद्याबरोबर ग्रॅच्युइटी व भविष्यनिर्वाह निधीची देणीही नव्या कंपनीकडे जातात, की मालमत्ता एकीकडे आणि देणी दुसरीकडे राहतात? आणि विलीन होणाऱ्या कंपनीचा तोटा किती, व तो कोण वापरणार? राजकीय मागणी मात्र एकच आणि स्पष्ट असावी: विक्रीच्या दिवशी भांडवलाच्या नफ्यावर श्रमाच्या उत्पन्नाइतकाच कर. ही मागणी मान्य झाली, तर भागबदलाच्या दिवशी थांबण्यात समाजाचे काही जात नाही. ती मान्य होत नाही तोवर भागबदलाच्या दिवशी घेतलेला कर फक्त छोट्या भागधारकाला विकायला लावील, आणि बडा आपल्या सवडीने, कमी दराच्या वर्षाची वाट पाहत बसेल.