शिक्क्याखालचा शब्द

मागच्या महिन्यात एक बहीण आपला निकाहनामा भाषांतरासाठी घेऊन आली. १९९४ सालचा, उर्दूतला छापील फॉर्म, रकाने हाताने भरलेले. नवरा तलाक न देताच वेगळा राहतो आहे. तिला मेहर मागायचे आहे आणि वकिलांना मराठी भाषांतर हवे होते. तिने मोबाइलवर काढलेली काळी-पांढरी स्कॅन प्रत मला दिली.

मेहरच्या रकान्यात आकड्यात रक्कम होती आणि तिच्यापुढे एक शब्द. नेमक्या त्या शब्दावर काझींच्या गोल शिक्क्याची कड उमटली होती. तिथे दोनपैकी एक शब्द असतो. मुअज्जल म्हणजे मागताक्षणी देणे असलेले मेहर. मुवज्जल म्हणजे तलाक किंवा मृत्यूनंतर देणे असलेले. उर्दू लिपीत दोन्ही शब्दांत मीम, जीम, लाम तीच. फरक फक्त दुसऱ्या अक्षराचा : एकात ऐन, दुसऱ्यात वाव. घाईच्या अक्षरात दोन्ही एक छोटी गाठ होऊन बसतात. या बहिणीचा तलाक झालेला नाही, म्हणून तिचा आजचा हक्क त्या एका गाठीवर अवलंबून होता.

सोबतचा भाऊ म्हणाला, "भाईजान, मुअज्जलच असणार. लिहून टाका ना." मी लिहिले नाही.

आधी मूळ कागद मागवला आणि तो ३०० डीपीआयवर रंगीत स्कॅन केला. काळ्या-पांढऱ्या प्रतीत शिक्का आणि पेनची शाई एकच डाग होतात. रंगीत प्रतीत जांभळा शिक्का आणि काळी शाई वेगळी दिसते. दुसरी अडचण रकमेची. उर्दूत शून्य म्हणजे नुसते टिंब. मोबाइलचे अॅप प्रत 'स्वच्छ' करताना कागदावरच्या डागाबरोबर ते टिंबही पुसते. तिच्या प्रतीत रक्कम ५०० दिसत होती. मूळ कागदावर ती ५,००० निघाली आणि खालच्या ओळीत अक्षरी 'पाच हजार'ही होते. रक्कम पक्की झाली. शब्द मात्र मूळ कागदावरही सुटला नाही, कारण तिथे शाईच फुटली होती.

मग भाषांतरात मी असे लिहिले :

मेहर : रु. ५,००० [हस्तलिखित], अक्षरी पाच हजार [हस्तलिखित] [आकड्यापुढील एक शब्द शिक्क्याखाली, वाचता येत नाही]
[गोल शिक्का, जांभळी शाई, मेहरच्या रकान्यावर, मजकूर : "शहर काझी", पुढील अक्षरे अस्पष्ट]
[डाव्या समासात हस्तलिखित दोन ओळी, दुसरी ओळ खोडलेली, वाचता येत नाही]

चौकटी कंसातले सगळे माझे, कंसाबाहेरचे सगळे कागदाचे. शिक्का कुठे आहे, हस्तलिखित काय, खोडलेले काय, किती शब्द गेले, एवढे सांगितले की वाचणाऱ्याला मूळ कागद शेजारी ठेवून ताडून पाहता येते. शेवटच्या टिपेत मी लिहिले की तो शब्द मुअज्जल किंवा मुवज्जल असू शकतो आणि दोन्हींचे अर्थ दिले. हा माझा अंदाज आहे, म्हणून तो मजकुरात न जाता टिपेतच राहिला.

आपल्या माणसाचे काम असले की रिकामी जागा भरून टाकावी, असे अनेकांना वाटते. कंसांनी कागद कमजोर दिसतो, असे काही वकीलही म्हणतात. मला हे पटत नाही. निकाहनाम्याची एक प्रत बहुधा नवऱ्याकडेही असते आणि तिच्यावर शिक्का थोडा बाजूला पडलेला असू शकतो. समजा मी मुअज्जल लिहिले आणि त्याच्या प्रतीत मुवज्जल निघाले, तर एक शब्द चुकला म्हणून कोणी सोडणार नाही. रकमेचेही भाषांतर खोटे ठरवले जाईल आणि त्या बहिणीच्या प्रामाणिकपणावर बोट ठेवले जाईल. माझी सही तिला उपयोगी पडण्याऐवजी तिच्याविरुद्ध वापरली जाईल.

कंस वाचून तिच्या वकिलांनी पहिला प्रश्न विचारला, "काझींच्या दफ्तरात याची नोंद असेल ना?" आता तिथे अर्ज गेला आहे, उत्तर यायचे आहे. शब्द तिच्या बाजूचा निघेल की नाही, मला माहीत नाही. पण मी ती जागा गुपचूप भरली असती, तर दफ्तरात जाऊन पाहायला हवे हे कोणाच्या ध्यानातही आले नसते.