ही माफी की पुराव्याची विल्हेवाट?

"छायाचित्रात चूक झाली होती. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." ऑनलाइन जाहिरातीच्या तळाशी एवढी दीड ओळ डकवली की विक्रेता मोकळा! चूक कोणती, किती दिवस होती, त्या दिवसांत ज्यांनी पैसे भरले त्यांचे काय, याबद्दल अवाक्षर नाही. या दीड ओळीला माफी म्हणायला आम्ही साफ नकार देतो!

जिंतूर तालुक्यातला एखादा कापूस उत्पादक डोळ्यांसमोर आणा. फवारणी तोंडावर आली म्हणून त्याने २,८०० रुपये मोजून बॅटरीवरचा पंप मागवला. चित्रात २० लिटरची टाकी होती आणि दोन मोटरी होत्या. खोके फोडले तर निघाली १६ लिटरची टाकी आणि एकच मोटर. संतापून तो जाहिरात पुन्हा उघडतो, तर चित्र बदललेले, किंमत २,१०० वर आलेली आणि खाली ती दिलगिरी! आता तक्रार केली तर उत्तर तयारच असते: "जाहिरातीत बरोबर माहिती आहे, नीट पाहा." अहो, ही माफी वाचणार कोण? उद्याचे गिऱ्हाईक! ज्याचे सातशे रुपये जास्तीचे गेले आणि फवारणीही रखडली, त्याच्या हाती मात्र काहीच उरत नाही, कारण त्याने पाहिलेले चित्रच पुसले गेले.

चूक माणसाच्या हातून होते, हे आम्हाला मान्य आहे. पण चूक कबूल करायची तर जुनी आणि नवी किंमत शेजारी शेजारी छापा, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत चूक होती ते सांगा आणि त्या काळातल्या प्रत्येक खरेदीदाराला स्वतःहून कळवा की माल परत न्यायचा खर्च आमचा. यात उपकार कसला? वस्तू जाहिरातीप्रमाणे नसेल तर ती परत घ्यायला किंवा पैसे परत द्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही, असे २०२० चे ई-कॉमर्स नियमच सांगतात. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात, हेही त्याच नियमांत आहे.

तिथे दाद लागली नाही तर विक्रेत्याच्या गावी खेटे घालायचे कारण नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यात, म्हणजे परभणीच्याच ग्राहक आयोगात दावा लावता येतो. मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. मात्र ऑर्डर देतानाच जाहिरातीचा स्क्रीनशॉट घ्या आणि खोके फोडताना व्हिडिओ काढा. आणि ती दीड ओळ दिसली की चिडून फोन बाजूला टाकू नका. तिचाही स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवा. आधीचे चित्र चुकीचे होते, याची ती विक्रेत्याने स्वतःच दिलेली लेखी कबुली आहे!