ळ ची जागा

गेल्या आठवड्यात एका निवृत्त बाईंनी वसईतल्या जुन्या शब्दांची फाइल पाठवली. वीस वर्षं ऐकून टिपलेले 206 शब्द, पण सगळे एकाच लांबलचक परिच्छेदात. शब्द, रेघ, अर्थ, अर्धविराम आणि लगेच पुढचा शब्द. छापण्यासाठी दोन स्तंभांचा, अकारविल्हे तक्ता हवा होता. माझ्या आधी कुणीतरी तो करून दिला होता आणि तो पाहून मला राग आला. म्हणून या वेळी हेच लिहितो.

काम फार नाही. Word मध्ये फाइलची प्रत करायची आणि Replace च्या चौकटीत दोनदा बदल करायचा. आधी अर्धविराम व त्यापुढची मोकळी जागा काढून नवी ओळ (`^p`), मग रेघ काढून टॅब (`^t`). रेघ शोधताना तिच्या दोन्ही बाजूंची मोकळी जागाही शोधात धरायची, नाहीतर 'पान-सुपारी'सारखा जोडशब्द मधूनच तुटतो. मग सगळा मजकूर निवडून Insert, Table, Convert Text to Table, आणि तिथे Tabs.

किती बदल झाले ते Word दर वेळी सांगतो. हा आकडा कागदावर लिहून ठेवावा. 206 शब्दांना 205 अर्धविराम हवेत, तेवढे निघाले. रेघा मात्र 206 हव्या होत्या आणि निघाल्या 212. सहा जास्त. तक्त्याच्या चौकटीतही स्तंभांचा आकडा दोनऐवजी तीन दिसत होता. आधीच्या माणसाने तिथे हाताने दोन लिहिलं असावं, कारण त्याच्या तक्त्यात सहा ठिकाणी अर्धा अर्थ खालच्या ओळीत शब्दाच्या जागी जाऊन बसला होता. मी तीन स्तंभ होऊ दिले. तिसऱ्या स्तंभात मजकूर असलेल्या सहा ओळी लगेच डोळ्यांत भरल्या.

त्यातली एक अशी होती:

```
बावखल - वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं - रहाट होता तोवर आटलं नाही
```

दुसरी रेघ बाईंनी चुकून मारलेली नव्हती. सहाही ठिकाणी अर्थ संपल्यावर त्यांना आणखी काही सांगायचं होतं. बावखलाचं पाणी रहाटाने वर यायचं, पाटाने केळीच्या बुंध्याशी जायचं. राजेळीची वाडी त्या पाण्यावर उभी राहायची आणि त्या केळ्यांची सुकेळी व्हायची. आज कित्येक बावखलं भराव घालून बुजवली गेली आहेत. शब्दकोशात 'तळं' एवढाच अर्थ उरला, तर बावखल आणि कुठलाही खड्डा यांत फरक राहत नाही. म्हणून ती शेपटं मी कापली नाहीत. दुसऱ्या रेघेच्या जागी स्वल्पविराम घालून अर्थातच जोडली.

राग आला तो मात्र क्रमामुळे. आधीच्या तक्त्यात 'पाळणा', मग 'पावली', मग 'पाहुणा' असा क्रम होता. म्हणजे ळ हा ल आणि व यांच्यामध्ये. युनिकोडच्या तक्त्यात तो खरोखरच तिथे आहे, ल च्या लगेच पुढे, आणि नुसत्या संकेतांकांवरून लावलेला क्रम तसाच लागतो. पण आपण शाळेत ह नंतर ळ म्हटलं, मग क्ष आणि ज्ञ. राज्य शासनाच्या 2009 च्या निर्णयातली वर्णमालाही तशीच आहे. क्ष चंही तेच. संगणकाला तो क आणि ष यांचा जोड वाटतो, म्हणून 'क्षीर' क च्या शब्दांत जातो. ज्या मराठी वाचकाला 'पाळणा' शोधायचा आहे, तो 'पाहुणा'च्या पुढे पाहील. तिथे नाही मिळाला, तर शब्द कोशात नाहीच असं समजून पान मिटेल. वसईच्या बोलींच्या कोशात ही चूक मला सोसत नाही. सुकेळी, राजेळी म्हणणाऱ्या गावात ळ ला उपरं करून कसं चालेल?

Sort च्या Options मध्ये भाषा निवडता येते, तिथे Marathi निवडावी. पण तेवढ्यावर भरवसा ठेवू नये. 'पाळणा', 'पाहुणा', 'पावली' हे तीनच शब्द कोऱ्या पानावर घेऊन क्रम लावून पाहावा. 'पाळणा' शेवटी आला तर ठीक. नाही आला तर 206 शब्दांत अशा ओळी थोड्याच असतात, त्या हाताने हलवाव्यात. मी सतरा हलवल्या, अर्ध्या तासात झाल्या.

तुमच्याकडेही घरातल्या म्हाताऱ्यांचे शब्द टिपलेले असतील, तर जरूर पाठवा. एका ओळीत एकच शब्द, मग टॅब, मग अर्थ. आणि अर्थापुढे आणखी काही आठवलं, तर तेही त्याच ओळीत लिहा.