नदीने खाल्लेल्या जमिनीची सरासरी काढू नका

नदीकाठ कोसळतो, शेत जाते, घर जाते आणि काही महिन्यांनी कागदावर एक आकडा येतो: अमुक किलोमीटरच्या पट्ट्यात काठ दरवर्षी सरासरी इतके मीटर मागे सरकला. आपले कार्यकर्ते या आकड्यावर दोन प्रकारे बोलतात. काही जण तो मान मोडून स्वीकारतात, काही जण 'सगळे खोटे आहे' म्हणून फेकून देतात. दोन्ही चूक आहे. बहुतेक वेळा आकडा खोटा नसतो. तो ज्या मोजमापातून आला त्यातली प्रत्येक पायरी कुणाला दाखवायचे आणि कुणाला झाकायचे हे ठरवत असते, आणि ती पायरी आपण तपासत नाही. ही मोजणी कुणीही करू शकतो. दोन तारखांच्या उपग्रह प्रतिमा फुकट मिळतात, QGIS फुकट मिळते. म्हणून ती नीट समजून घेऊ.

उदाहरण पश्चिम बंगालच्या मालदा जिल्ह्याचे घेतो. १९७५ मध्ये फरक्का बंधारा सुरू झाला. त्याच्या वरच्या अंगाला गंगेचा उजवा काठ राजमहालच्या टेकड्यांच्या कठीण खडकाला टेकलेला आहे, डावा काठ मऊ गाळाचा आहे. बंधाऱ्यामागे गाळ साचत गेला, पात्रात वाळूचे पट्टे वर आले आणि प्रवाह डाव्या काठावर, म्हणजे माणिकचक आणि कालियाचकच्या गावांवर दाबला गेला. पंचानंदपूरसारखे भरभराटीचे गाव उद्ध्वस्त झाले. के. बी. झाउबोना नावाची अख्खी ग्रामपंचायत नदीत गेली. एका मागे एक बांध बांधले गेले आणि तेही नदीने नेले.

आता मोजणी. पहिली प्रतिमा समजा नोव्हेंबर २००६ ची लँडसॅट ५ ची. तिच्यातला एक ठिपका जमिनीवरचे ३० मीटर बाय ३० मीटर दाखवतो. दुसरी नोव्हेंबर २०१६ ची सेंटिनेल-२ ची, तिचा ठिपका १० मीटरचा. महिना एकच का? कारण जूनमधले पात्र आणि सप्टेंबरमधले पात्र यांची तुलना केली, तर काठ सरकला की फक्त पाणी वाढले हे कळत नाही. महिना एक असूनही पाण्याची पातळी वेगळी असू शकते, म्हणून दोन्ही दिवसांची पातळी शोधावी. गंगेच्या प्रवाहाची आकडेवारी सरकार गोपनीय मानते. ज्यांची जमीन नदी नेते त्यांनाच नदीचे आकडे मिळत नाहीत, हे जाता जाता लक्षात ठेवा.

पहिली फसगत इथेच होते. सॉफ्टवेअरला 'पाणी शोध' म्हटले की ते पाण्याची कड शोधून देते. आपल्याला पाण्याची कड नको, काठ हवा. काठ म्हणजे जिथे शेत, झाडी किंवा वस्ती संपते आणि दरड सुरू होते ती रेषा. पांढरी चमकणारी वाळू पाण्याबाहेर असली तरी ती पात्राचाच भाग असते. फरक किती पडतो ते पाहा. समोरच्या बाजूला वाळूचा उतार शंभरास एक असेल, तर पाणी एक मीटर उतरल्यावर कड १०० मीटर आत सरकते. जमिनीचा एक कणही हललेला नसतो, तरी नकाशावर '१०० मीटर नवी जमीन' दिसते. कोसळणाऱ्या काठावर असे होत नाही. तिथे दरड जवळजवळ उभी असते, त्यामुळे पाण्याची कड आणि काठ जवळपास एकाच जागी येतात. म्हणजे गेलेल्या जमिनीचा आकडा बऱ्यापैकी भरवशाचा असतो आणि 'नव्याने तयार झालेल्या' जमिनीचा आकडा सगळ्यात कच्चा. हे पुढे कामाला येणार आहे.

दोन्ही काठरेषा हाताने, एकाच मोजपट्टीवर, एकाच माणसाने आखाव्यात. मग येतात छेदरेषा, ज्यांना ट्रान्सेक्ट म्हणतात. काठाच्या मागे, जमिनीच्या बाजूला, एक आधाररेषा काढायची. ही रेषा नदीच्या मध्यावर ठेवू नका. मध्य दोन्ही वर्षी वेगळा असतो, मग मोजायचे कुठून? शिवाय आधाररेषा काठाची प्रत्येक वेलांटी गिरवत गेली, तर वळणाच्या आतल्या बाजूला छेदरेषा एकमेकींना कापतात आणि तीच जमीन दोनदा मोजली जाते. म्हणून ती सपाट, सौम्य ठेवायची. QGIS मध्ये `Densify by interval` ने तिच्यावर दर २०० मीटरला बिंदू घालायचे, `Transect` ने प्रत्येक बिंदूतून नदीकडे काटकोनात रेषा टाकायची आणि `Line intersections` ने ती जुन्या काठाला व नव्या काठाला कुठे छेदते ते काढायचे. `Densify` रेषेचे मूळ बिंदूही तसेच ठेवते, त्यामुळे काही रेषा जास्तीच्या येतात. त्या पुसून टाका. दोन छेदबिंदूंमधले अंतर म्हणजे त्या जागी काठ किती हलला. त्याला वर्षांनी भागले की वेग.

अंतर मिळाले म्हणजे लगेच बातमी करायची नाही. दोन्ही प्रतिमांमध्ये न हलणारी एखादी गोष्ट घ्या. इथे फरक्का बंधाराच आहे. तो दोन्हीत आखा. एका प्रतिमेतला बंधारा दुसरीत २० मीटर सरकलेला दिसला, तर बंधारा सरकलेला नाही, प्रतिमा सरकली आहे. ती आधी जुळवून घ्यायची. त्यानंतरही शंका उरते, तिचा हिशेब असा: जुन्या प्रतिमेत आखणीची चूक ३० मीटर आणि जागेची १५ मीटर धरली, नव्या प्रतिमेत दोन्ही १० मीटर धरल्या, तर

```
√(30² + 15² + 10² + 10²) = √1325 ≈ 36 मीटर
```

याचा अर्थ सरळ आहे. ज्या छेदरेषेवर काठ ३६ मीटरपेक्षा कमी हललेला दिसतो, तिथे 'धूप झाली' असे या दोन प्रतिमांवरून म्हणता येत नाही. हा आकडा अर्जात आपणच आधी लिहावा. समोरचा अधिकारी तो काढेल तेव्हा आपली बाजू लंगडी पडते, आपण लिहिला तर त्याला बोलायला जागा राहत नाही.

आता मूळ मुद्दा. हिशेबासाठी दोन किलोमीटरचा काठ आणि दहा छेदरेषा धरू. आकडे माझे, केवळ समजण्यासाठी. दहा वर्षांत काठ मागे गेला तो असा: १५, २०, १०, २५, ४२०, ६१०, ५८०, ३९०, २० आणि १० मीटर. बेरीज २१००, सरासरी २१० मीटर, वर्षाला २१. अहवालात हाच '२१' छापला जाईल. पण दहापैकी सहा रेषा ३६ मीटरच्या आत आहेत, म्हणजे तिथे काहीच सिद्ध होत नाही. उरलेल्या चार रेषांवर मिळून २००० मीटर गेले. तिथली सरासरी ५०० मीटर, वर्षाला ५०. प्रत्येक रेषा २०० मीटरच्या पट्टीची प्रतिनिधी धरली, तर त्या ८०० मीटर काठामागे ४० हेक्टर, म्हणजे जवळपास शंभर एकर जमीन नदीत गेली. त्या चार रेषांसमोर जी वस्ती होती तिचे सगळे गेले, आणि '२१' हा आकडा सांगतो की सगळ्यांचे थोडे थोडे गेले. नवा बांध काठापासून किती मागे घ्यायचा हे जर या २१ वरून ठरले, तर तो पुन्हा वाहून जाणार. म्हणून मागणी अशी करा: सरासरी नको, छेदरेषावार तक्ता द्या आणि प्रत्येक रेषेसमोर मौजा व गट क्रमांक लिहा.

आणि वर्षाला ५० हाही अंतिम सत्य नाही. दोन प्रतिमा फक्त सुरुवात आणि शेवट दाखवतात. ते ५०० मीटर दोन पावसाळ्यांत गेले असू शकतात. काठ ३०० मीटर आत येऊन गाळाने पुन्हा भरला असेल, तर शेवटी हालचाल शून्य दिसेल, पण मधल्या काळात उठलेली घरे काही परत येत नाहीत. लँडसॅटच्या मधल्या वर्षांच्या प्रतिमा उपलब्ध आहेत. शून्य दिसलेल्या रेषेसाठी त्या उघडून पाहायला एक दुपार पुरते.

दुसरी चलाखी 'निव्वळ' या शब्दात आहे. डाव्या काठाला गेलेल्या जमिनीतून उजवीकडे वर आलेली जमीन वजा केली जाते आणि नुकसान अर्धे दिसते. वर पाहिलेच की वर आलेल्या जमिनीचा आकडा सगळ्यात कच्चा असतो. पक्क्या आकड्यातून कच्चा वजा करायचा, हे कोणते गणित? त्यात मालद्याचे वैशिष्ट्य असे की समोर वर आलेले वाळूचे चर झारखंडच्या बाजूला जातात. ज्याची जमीन गेली तो बंगालमध्ये, वर आलेली वाळू दुसऱ्या राज्याच्या हद्दीच्या वादात. जमिनीची वजाबाकी होते, माणसाची होत नाही.

चरांबाबत एक गोष्ट छेदरेषेच्या स्वभावातच आहे. एक छेदरेषा पात्रात अनेक कडांना छेदते, म्हणून नियम असा ठेवतात की सगळ्यात बाहेरचा काठ घ्यायचा. नियम योग्य आहे. पण त्यामुळे नदीच्या मधोमध असलेल्या चरावर राहणारे लोक मोजणीतून आपोआप बाहेर पडतात. चर अर्धा कापला गेला तरी बाहेरचा काठ हललेला नसतो, तक्त्यात शून्य लागते. मालद्यातला भूतनी दियारा हा असाच दोन प्रवाहांमधला, माणसांनी भरलेला भूभाग. त्याच्याभोवती वेगळी आधाररेषा काढून वेगळ्या छेदरेषा टाकल्याशिवाय त्याचे नुकसान दिसणार नाही.

पंधराव्या वित्त आयोगाने धुपेमुळे विस्थापित झालेल्यांच्या पुनर्वसनासाठी १००० कोटी आणि धूप रोखण्याच्या उपायांसाठी १५०० कोटी रुपये सुचवले होते. अशा पैशावर दावा करताना छेदरेषांचा तक्ता हा पुरावा आहे, पण तो जमिनीचा पुरावा आहे. बांधावर झोपडी टाकून राहणारा मच्छीमार, दुसऱ्याच्या शेतात राबणारा मजूर यांच्या नावावर गट क्रमांक नसतो. जमीन मोजून थांबलात तर भरपाई जमीनवाल्याला मिळेल आणि यांना पुन्हा काही नाही. तेव्हा तक्त्यात आणखी एक रकाना घाला: जुन्या काठरेषेपासून नव्या काठरेषेपर्यंतच्या पट्ट्यात किती घरे होती. जुन्या लँडसॅटवर झोपड्या दिसत नाहीत. गूगल अर्थच्या जुन्या स्पष्ट प्रतिमांवर काही ठिकाणी दिसतात. जिथे तिथेही दिसत नाहीत, तिथे मतदार यादी आणि रेशनकार्ड घेऊन माणसांकडे जावे लागते.

महाराष्ट्रातल्या मित्रांसाठी एक सावधगिरी. आपल्या बहुतेक नद्या खडकात किंवा खोल चिकण मातीत वाहतात. वाळू उपशाने काठ ढासळतो तो बऱ्याचदा काही मीटरच. तिथे ३६ मीटरच्या शंकेची ही पद्धत लावली तर तक्ता सगळा शून्याचा येईल आणि ठेकेदार तोच तुमच्याविरुद्ध दाखवेल. तिथे काठापासून दूर पक्क्या खुणा ठोका, छेदरेषेच्या दिशेने दर पावसाळ्याआधी आणि नंतर टेपने अंतर मोजा, आणि प्रत्येक मोजणीचा तारखेसह फोटो ठेवा.