शिल्लक शून्य!

आमच्या घरी मसाल्यांचा उद्योग ही चालवते आणि हिशेब मी पाहतो. बिले करण्यासाठी एका कंपनीचे सॉफ्टवेअर घेतले होते. दर एप्रिलला त्याची वर्गणी बँकेतून आपोआप कापली जाई. मूळ रक्कम 12,000, त्यावर 18 टक्के जीएसटी 2,160, एकूण 14,160 रुपये. सप्टेंबरात ही म्हणाली, “अहो, ते बंद करा पाहू! वापरतंय कोण?”

मी आधी जुनी सारी बिले उतरवून घेतली, कारण ती सहा वर्षांहून अधिक काळ जपावी लागतात. मग कंपनीला 30 सप्टेंबरपासून वर्गणी बंद करण्याचे लेखी कळवले आणि त्यानंतरच बँकेतली आपोआप कपात थांबवली. नुसती कपात थांबवली असती, तर करार चालूच राहिला असता आणि पुढले बिल थकबाकी म्हणून दारात उभे राहिले असते.

करारात उरलेल्या महिन्यांचे पैसे परत करण्याची अट होती. आठवड्याने खात्यात 7,080 रुपये आले. मी खुशीत ते ‘किरकोळ उत्पन्न’ म्हणून मांडले आणि हिला म्हटले, “घे, दिवाळीची ओवाळणी!”

रविवारी पुतण्या आला. तो हिशेबनीस. वही पाहताच म्हणाला, “काका, हे उत्पन्न कसलं? तुमचाच खर्च परत आलाय. आणि यातले 1,080 रुपये तर कराचे आहेत!”

मग त्याने समजावले. एप्रिलच्या बिलातले 2,160 रुपये आम्ही आमच्या देय जीएसटीतून वजा करून घेतले होते. आता निम्मी सेवा रद्द झाली, म्हणजे निम्मी वजावटही परत करायला हवी. नाहीतर उद्या खाते 1,080 रुपये व्याजासकट मागेल.

“पण कागद कुठाय?” त्याने विचारले.

कागद म्हणजे क्रेडिट नोट. त्यावर मूळ बिलाचा क्रमांक, आमचा जीएसटी क्रमांक, 6,000 रुपये आणि कर 1,080 असे वेगवेगळे हवे. कंपनीने पैसे धाडले होते, ही चिठ्ठी नव्हे. मागणी केल्यावर ती आली आणि पुढच्या महिन्यात जीएसटीच्या संकेतस्थळावर आमच्या ‘GSTR-2B’ या तक्त्यातही दिसली. चिठ्ठीसाठी फार दिवस थांबूनही चालत नाही. आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या 30 नोव्हेंबरपर्यंत कंपनीने ती दाखवली नाही, तर तिला आपला कर कमी करता येत नाही आणि मग ती कराचे पैसे परत द्यायला कुरकुरते.

पुतण्याने माझी नोंद खोडली. सॉफ्टवेअरच्या खर्चातून 6,000 कमी केले, कराच्या वजावटीतून 1,080. कंपनीच्या खात्यावर एका बाजूला बिल 14,160 आणि परतावा 7,080. दुसऱ्या बाजूला आम्ही दिलेले 14,160 आणि चिठ्ठी 7,080. दोन्हीकडे 21,240, शिल्लक शून्य.

“हे शून्य दिसलं, की समजा वर्गणी बंद झाली,” तो म्हणाला.

“आणि माझी ओवाळणी?” हिने विचारले.

तिची नोंद कुठल्या खात्यात करायची, हे मात्र पुतण्याने सांगितले नाही.