फ्रीजलाही ऊन लागते

मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्यात फ्रीज दुरुस्त करणाऱ्यांकडे एक तक्रार हमखास येते : ‘फ्रीज चालू आहे, पण थंड करत नाही.’ बऱ्याच घरांत गॅस संपलेला नसतो आणि कॉम्प्रेसरही धडधाकट असतो. फ्रीज चुकीच्या जागी उभा असतो, एवढेच. या बिघाडाचा त्रास नासलेल्या दुधापुरता असता तर आरोग्याच्या सदरात त्याची चर्चा करायचे कारण नव्हते. पण अनेक घरांत त्याच फ्रीजच्या दारात इन्सुलिनची कुपी असते. ती बिघडली, तरी वरून काहीच दिसत नाही.

फ्रीज थंडी तयार करत नाही. तो आतली उष्णता शोषून बाहेर टाकतो. हे काम करणाऱ्या नळ्या पूर्वी मागे जाळीसारख्या दिसत. आता बहुतेक फ्रीजमध्ये त्या दोन्ही बाजूंच्या पत्र्याआड दडलेल्या असतात. म्हणून उन्हाळ्यात फ्रीजच्या बाजू गरम लागतात आणि तेवढ्यावरून घाबरायचे कारण नसते. मात्र या नळ्यांतली उष्णता बाहेर पडायची, तर भोवतालची हवा त्यांच्यापेक्षा थंड असावी लागते. हवाच तापलेली असेल, तर उष्णता जाणार कुठे?

यालाही मर्यादा असते आणि ती फ्रीजवर छापलेलीही असते. आत किंवा मागे चिकटवलेल्या पट्टीवर ‘क्लायमेट क्लास’ लिहिलेला असतो. ‘एन’ किंवा ‘एसएन’ असेल, तर तो फ्रीज भोवतालच्या ३२ अंश सेल्सिअस तापमानापर्यंत नीट चालावा अशा बेताने बनवलेला असतो. ‘एसटी’ असेल तर ३८ आणि ‘टी’ असेल तर ४३ अंशांपर्यंत. म्हणजे सर्वांत काटक गटाचीही हमी ४३ अंशांवर संपते. अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरी इथे पारा मे महिन्यात त्यापुढे जातो. शिवाय बातम्यांत सांगितले जाते ते तापमान सावलीतल्या, हवेशीर पेटीत मोजलेले असते. उन्हात तापलेल्या गॅलरीत त्याहून जास्त असते.

एक उदाहरण घेऊ. समजा, अकोल्यात दोन खोल्यांचे घर आहे. स्वयंपाकघरात जागा नाही, म्हणून फ्रीज पश्चिमेच्या गॅलरीत, वर पत्रा, मागे विटांची भिंत. घरातल्या आजी इन्सुलिन घेतात. दुपारी चार वाजता फ्रीजभोवतीची हवा ४८ अंशांवर गेली आहे. आत ४ अंश हवे आहेत. घरातल्या ३० अंशांच्या खोलीत हा फरक २६ अंशांचा असता, इथे तो ४४ अंशांचा आहे. भिंतींतून आत झिरपणारी उष्णता साधारण या फरकाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे जवळजवळ पावणेदोन पट. नेमक्या त्याच वेळी उष्णता बाहेर टाकण्याची कॉम्प्रेसरची ताकद घटते. काम वाढले आणि कुवत कमी झाली. कॉम्प्रेसर मग थांबतच नाही. फार तापला की संरक्षक ओव्हरलोड त्याला बंद पाडतो. ‘टिक’ असा आवाज येतो, काही मिनिटे शांतता, पुन्हा धडपड. ऊन उतरले तरी सुटका नाही. दिवसभर तापलेली विटांची भिंत रात्री दहा-अकरापर्यंत उष्णता सोडत राहते.

इथे घरचे लोक एक गोष्ट हमखास करतात : बटण सर्वांत थंडवर फिरवतात. दुपारी त्याचा काही उपयोग होत नाही, कारण यंत्र आधीच पूर्ण ताकदीने चालू आहे. पहाटे हवा तिशीपर्यंत उतरली, की तोच फ्रीज गरजेपेक्षा जास्त थंड होतो आणि बर्फाच्या कप्प्याजवळ ठेवलेली कुपी गोठू शकते. गोठलेले इन्सुलिन वितळले तरी निरुपयोगी. ते टाकूनच द्यावे लागते. म्हणजे आजींची कुपी दुपारी तापते आणि पहाटे गोठते. साखर वाढलेली दिसते. खाण्यावरून बोलणी बसतात, डोस वाढवला जातो. फ्रीजबद्दल कोणी विचारत नाही. मग नवी, चांगली कुपी आणून त्याच वाढलेल्या डोसने टोचली, तर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते.

जागेचा दोष आहे की यंत्राचा, हे घरीच ओळखता येते. साधा थर्मामीटर (तापाचा नव्हे) पाणी भरलेल्या पेल्यात बुडवून मधल्या फळीवर रात्रभर ठेवावा. पहाटे दार उघडण्याआधीचे आणि संध्याकाळी पाचचे असे दोन आकडे लिहून ठेवावेत. पहाटे ५ अंशांच्या आत आणि संध्याकाळी १२-१४ असेल, तर जागा बदलावी. दोन्ही वेळा जास्तच असेल, तर मेकॅनिकला बोलवावे.

दुधा-भाजीलाही हाच आकडा लागू आहे. ५ अंशांच्या वर जंतू झपाट्याने वाढू लागतात. ‘उकळून घेतले की झाले’ हा समज अपुरा आहे. स्टॅफिलोकॉकस नावाच्या जंतूने अन्नात सोडलेले विष उकळूनही जात नाही आणि काही तासांतच उलट्या सुरू होतात.

फ्रीज आतल्या भिंतीशी, ऊन न येणाऱ्या खोलीत हलवावा. कूलर चालतो त्या खोलीत असेल तर उत्तम. मागे आणि बाजूंना किमान वीतभर मोकळी जागा सोडावी, अंगावरचे कापडी कव्हर काढावे, मागची जाळी उघडी असेल तर धूळ झाडावी. हलवणे शक्यच नसेल, तर उन्हाळ्यापुरती न उघडलेली कुपी शेजाऱ्यांच्या किंवा औषध दुकानाच्या फ्रीजमध्ये ठेवावी. तिला २ ते ८ अंश लागतात. वापरात असलेली कुपी साधारण चार आठवडे बाहेर राहू शकते, पण वेष्टनावर लिहिलेल्या २५ किंवा ३० अंशांच्या आत. त्यासाठी ओल्या वाळूतले छोटे मडके विदर्भाच्या कोरड्या हवेत चांगले काम देते. कुपी मात्र कोरड्या डबीत बंद हवी. कोकणच्या दमट हवेत हा उपाय फारसा चालत नाही.

प्राथमिक आरोग्य केंद्रात लसींचा फ्रीज भिंतीपासून दहा सेंटिमीटर दूर, उन्हापासून लांब ठेवण्याचा नियम आहे. त्याचे तापमान रोज दोनदा, सुट्टीच्या दिवशीही, नोंदवावे लागते. लस जिथून निघते तिथे एवढी शिस्त आणि इन्सुलिन जिथे महिनाभर राहते त्या घराबाबत एक प्रश्नही नाही, हे विसंगत आहे. फ्रीज विकणाऱ्याने ‘ठेवणार कुठे?’ असे विचारून मगच क्लायमेट क्लास सुचवावा. इन्सुलिन देणाऱ्या औषध विक्रेत्यानेही तेच विचारावे. आणि एप्रिल-मेमध्ये साखर अचानक वाढलेला रुग्ण समोर आला, तर डोस वाढवण्याआधी डॉक्टरांनी कुपी कुठे राहते ते विचारून घ्यावे. त्याला अर्धे मिनिटही लागत नाही.