नमस्कार आणि त्यापुढे दोन फूट मजकूर

गावाकडच्या जमिनीच्या कामांबद्दल इथे लिहितो, म्हणून असे मेसेज रोज येतात. "नमस्कार दादा" आणि लगेच खाली फेरफाराची अख्खी नोटीस चिकटवलेली. प्रश्न एकही नाही. बरेच जण हात जोडलेला इमोजी टाकून मोकळे होतात, नाहीतर "याचं काय करू?" असं खेकसतात. दोन्हीने समोरच्याचे दिवस जातात, आणि या कागदात दिवसच महत्त्वाचे असतात.

परवाचंच घ्या. वडील वारल्यावर वारस नोंदीसाठी अर्ज झालेला, आणि नमुना 9 ची नोटीस: हरकत असल्यास मिळाल्यापासून 15 दिवसांत कळवा. वारसांत दोन भावांची नावं, बहिणीचं नाही. हा मजकूर पाठवणारी ती बहीण असेल तर उत्तर एक: तलाठ्याकडे लेखी हरकत द्या, पोच घ्या, म्हणजे नोंद विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते आणि सुनावणी झाल्याशिवाय मंजूर होत नाही. पाठवणारा भाऊ असेल तर उत्तर अगदी उलटं: अर्जात बहीण का राहिली, ते आधी दुरुस्त कर बाबा. आणि कुणी नुसतं "माहितीसाठी" ढकललं असेल तर दोन्ही वाया. एका ग्रुपवर एका जाणकाराने न विचारताच हरकतीचा मसुदा लिहून दिला. घेणारा निघाला अर्जदार भाऊच!

"हरकत कळवा" हे नोटीस सांगते, पाठवणारा नाही. त्याला काय हवंय ते त्या मजकुरात लिहिलेलंच नसतं. शिवाय चिकटवताना नेमकं कामाचं गळतं: नोटीस हातात कधी पडली ती तारीख, कधी वरचा गट नंबरही.

म्हणून मी आधी पूर्ण वाचतो. मेसेज तुकड्यांत येत असेल तर शेवटचा तुकडा येईपर्यंत थांबतो. मग एवढंच लिहितो: "नमस्कार. ही वारस फेरफाराची नोटीस आहे, हरकतीला मिळाल्यापासून 15 दिवस असतात. तुम्हाला कधी मिळाली? आणि यात तुम्ही कोण, नाव लागणारे की नाव राहिलेले?" नाव विचारत नाही, आधार कार्ड तर नाहीच.

"काय हवंय ते सविस्तर लिहा" असं मात्र म्हणू नका. ज्याला ते लिहिता आलं असतं त्याने अख्खी नोटीस चिकटवली नसती. दोन पर्याय समोर ठेवले की माणूस एका शब्दात उत्तर देतो. परवा उत्तर आलं, "राहिलेली. काल मिळाली." मग पुढचं अर्ध्या तासात झालं.